लॉटरीच्या तिकिटामागील अपेक्षित तोटा

लॉटरीचे एक तिकीट घेतल्यावर सरासरीने जितकी रक्कम हातातून जाते, तिला त्या तिकिटाचा अपेक्षित तोटा म्हणतात. प्रत्येक बक्षिसाची रक्कम ते लागण्याच्या संभाव्यतेने गुणायची, आलेले गुणाकार एकत्र मिळवायचे आणि ती बेरीज तिकिटाच्या किमतीतून वजा करायची, एवढाच हिशेब आहे. गणित शाळकरी आहे. चुका होतात त्या संभाव्यता वाचताना आणि जॅकपॉटची रक्कम ठरवताना. अमेरिकेतील पॉवरबॉल या लॉटरीच्या उदाहरणात दोन्ही चुका स्पष्ट दिसतात.

ऑक्टोबर २०१५पासून पॉवरबॉलमध्ये १ ते ६९ या आकड्यांतून पाच पांढरे चेंडू आणि १ ते २६ मधून एक लाल चेंडू काढला जातो. तिकीट २ डॉलरचे असते. ६९ मधून पाच आकडे १,१२,३८,५१३ प्रकारे निवडता येतात. त्याला २६ ने गुणले की २९,२२,०१,३३८ जोड्या मिळतात. जॅकपॉट यातल्या एकाच जोडीला लागतो.

खालच्या बक्षिसांची संभाव्यता काढताना एक खाचखळगा आहे. फक्त लाल चेंडू जुळला तर ४ डॉलर मिळतात. लाल चेंडू २६ पैकी एक असल्यामुळे ही शक्यता २६ मध्ये १ असेल असे वाटते, पण अधिकृत तक्त्यात ३८.३२ मध्ये १ असे छापलेले असते. कारण हे बक्षीस मिळण्यासाठी पांढऱ्यांपैकी एकही जुळता कामा नये. तिकिटावरचे पाचही पांढरे आकडे उरलेल्या ६४ मधले असावे लागतात आणि अशा निवडी ७६,२४,५१२ आहेत. २९,२२,०१,३३८ ला ७६,२४,५१२ ने भागले की ३८.३२ येते. लाल चेंडू जुळून शिवाय काही पांढरेही जुळले, तर ते तिकीट वरच्या बक्षिसाच्या ओळीत मोजले जाते. तक्ता बरोबर वाचला की नाही हे पडताळायचे असेल, तर लाल चेंडूच्या सगळ्या ओळींच्या संभाव्यता मिळवाव्यात. बेरीज २६ मध्ये १ यायला हवी.

जॅकपॉट सोडून बाकीची बक्षिसे ठरावीक रकमेची आहेत. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळ तिकिटाच्या सरासरी परताव्यात किती सेंट घालते ते दिले आहे.

| काय जुळले | बक्षीस (डॉलर) | शक्यता: इतक्यांत १ | वाटा (सेंट) |
|---|---|---|---|
| ५ पांढरे | १०,००,००० | १,१६,८८,०५४ | ८.५६ |
| ४ पांढरे + लाल | ५०,००० | ९,१३,१२९ | ५.४८ |
| ४ पांढरे | १०० | ३६,५२५ | ०.२७ |
| ३ पांढरे + लाल | १०० | १४,४९४ | ०.६९ |
| ३ पांढरे | ७ | ५७९.७६ | १.२१ |
| २ पांढरे + लाल | ७ | ७०१.३३ | १.०० |
| १ पांढरा + लाल | ४ | ९१.९८ | ४.३५ |
| फक्त लाल | ४ | ३८.३२ | १०.४४ |

बेरीज ३२ सेंट होते. म्हणजे जॅकपॉट बाजूला ठेवला तर २ डॉलरच्या तिकिटावर १.६८ डॉलर तोटा ठरलेलाच आहे. तिकिटाची किंमत इथे एकदाच वजा होते. ४ डॉलरचे बक्षीस आधीच ‘निव्वळ २ डॉलर’ असे लिहून शेवटी पुन्हा २ वजा केले, तर जिंकणाऱ्या तिकिटाची किंमत दोनदा कापली जाते. ही चूक नेहमीची आहे.

जॅकपॉटचा वाटा सोडतीनुसार बदलतो. एकरकमी ५ कोटी डॉलर मिळणार असतील तर त्याला २९,२२,०१,३३८ ने भागून १७ सेंट येतात आणि तोटा १.५१ डॉलरवर येतो. जॅकपॉट पुरेसा फुगला की तोटा शून्यावर येऊन पुढे फायदा दिसू लागेल, हा तर्क इथूनच निघतो. तो १३ जानेवारी २०१६च्या सोडतीवर तपासून पाहता येतो. त्या दिवशी जाहीर केलेला जॅकपॉट १५८ कोटी ६० लाख डॉलर होता.

जाहिरातीतला आकडा जसाच्या तसा घेतला तर जॅकपॉटचा वाटा ५.४३ डॉलर येतो, त्यात ३२ सेंट मिळवून २ डॉलर वजा केले की तिकिटामागे ३.७५ डॉलर फायदा दिसतो. पण ती रक्कम २९ वर्षांत ३० हप्त्यांनी मिळणाऱ्या पैशांची बेरीज होती. एकरकमी घेणाऱ्याला ९८ कोटी ३५ लाख मिळणार होते. तिकिटाचे पैसे आज मोजायचे असल्यामुळे तुलनाही आजच्या रकमेशीच हवी. वाटा ३.३७ वर आणि फायदा १.६९ वर उतरतो.

पुढची कात्री वाटेकऱ्यांची. जॅकपॉट मोठा झाला की तिकिटे बेसुमार खपतात आणि एकाच जोडीवर अनेक विजेते निघू शकतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून जोड्यांच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ५८ कोटी ४४ लाख तिकिटे गेली आणि आकडे यदृच्छेने निवडले गेले असे धरू. मग आपल्या जोडीवर आणखी सरासरी दोन विजेते असतील आणि जॅकपॉट एकट्यालाच मिळण्याची शक्यता जेमतेम १३.५ टक्के उरेल. अशा वेळी विजेत्याच्या हाती सरासरीने जॅकपॉटचा ०.४३२ भाग येतो. हा भाग (१ − e⁻²) ÷ २ या सूत्राने निघतो. वाटा १.४६ डॉलर होतो आणि फायद्याच्या जागी सुमारे २२ सेंट तोटा येतो. प्रत्यक्षात त्या सोडतीत तीन विजेते निघाले होते.

शेवटी कर. २०१६मध्ये अमेरिकेतील केंद्रीय प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ३९.६ टक्के होता. तो जॅकपॉटच्या वाट्यावर लावला की ८८ सेंट उरतात आणि तोटा ८० सेंट ठरतो. दहा लाखांच्या बक्षिसावरचा कर यात धरलेला नाही, म्हणजे खरा तोटा याहून थोडा जास्तच. तरीही साध्या सोडतीतल्या दीड डॉलरपेक्षा तो कमी आहे, हे मान्य करायला हवे.

आकड्यांच्या निवडीने जिंकण्याची शक्यता तसूभरही बदलत नाही. वाटेकऱ्यांची संख्या मात्र बदलू शकते. वाढदिवसाच्या तारखा लावणाऱ्यांचे पांढरे आकडे १ ते ३१ मध्येच दाटतात. ३१च्या वरचे आकडे घेतल्यास, जिंकलोच तर, वाटेकरी कमी असण्याची शक्यता असते.

अपेक्षित तोटा ही सरासरी आहे, अनुभव नव्हे. कोणतेही बक्षीस लागण्याची एकूण शक्यता २४.८७ मध्ये १ आहे, म्हणून शंभरातली ९६ तिकिटे पूर्ण २ डॉलर घालवतात. आठवड्याला १०० तिकिटे घेणाऱ्याला एका जॅकपॉटसाठी सरासरी ५६ हजार वर्षे लागतील. जॅकपॉट आणि वरची दोन बक्षिसे बहुतेकांना आयुष्यात लागत नाहीत. ती वगळली तर परतावा १८ सेंट उरतो, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला प्रत्यक्षात जाणवणारा तोटा तिकिटामागे १.८२ डॉलरच्या आसपास असतो.

हा तक्ता सगळीकडे जसाच्या तसा चालत नाही. कॅलिफोर्नियात खालची बक्षिसेही ठरावीक नसून विक्री आणि विजेत्यांच्या संख्येनुसार ठरतात, त्यामुळे तिथे ३२ सेंटांचा आकडा प्रत्येक सोडतीला नव्याने काढावा लागतो.