बाथरूमच्या कपाटातल्या गोळ्या पावसाळ्यात का खराब होतात?

आरशामागचं छोटं कपाट औषधांसाठी सोयीचं वाटतं, कारण दात घासताना गोळी समोरच दिसते आणि घ्यायची विसरत नाही. पण घरात औषधासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. गरम पाण्याच्या अंघोळीची वाफ कपाटाच्या फटींतून आत जाते, दार बंद असल्यामुळे तिथेच कोंडते आणि हवा थंड झाली की आतल्या वस्तूंवर बसते. एरवी दोन अंघोळींच्या मधल्या वेळात बाथरूम सुकतं तरी. पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असते, त्यामुळे ते दिवसभर ओलसर राहतं.

हा ओलावा गोळीचं काय करतो, ते ॲस्पिरिनच्या उदाहरणावरून चांगलं समजतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी रोज एक छोटी गोळी घेणारे पुष्कळ जण आहेत. समजा, महिनाभराच्या गोळ्या पट्टीतून एकदम काढून प्लास्टिकच्या डबीत भरल्या आणि डबी बाथरूममध्ये ठेवली. ॲस्पिरिनचा रेणू पाण्याशी संयोग झाला की फुटतो आणि त्याचे दोन पदार्थ होतात: सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिड. यातलं दुसरं म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. म्हणून डबी उघडल्यावर आंबूस वास आला, तर गोळीतलं काही औषध मोडलं आहे असं समजा. कधी कधी गोळीवर बारीक सुईसारखे पांढरे तंतूही दिसतात. अशा गोळीत पूर्ण मात्रा उरलेली नसते, शिवाय सॅलिसिलिक ॲसिड पोटाला जास्त झोंबतं. ही गोळी पुसून, सुकवून उपयोग नाही, कारण फुटलेला रेणू पुन्हा जुळत नाही.

प्रत्येक औषध मात्र वासावरून कळत नाही. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड एकत्र असलेल्या गोळ्यांवर ओलाव्याने पिवळसर-तपकिरी डाग पडतात. फिट्सच्या आजारात दिलं जाणारं सोडियम व्हॅल्प्रोएट तर हवेतलं पाणी इतकं ओढतं की उघडी गोळी ओली, चिकट होते. म्हणून ती घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढायची. जिलेटिनच्या कॅप्सूलचं कवच ओलं झालं की मऊ पडतं आणि कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. पाण्यात विरघळवायच्या फसफसणाऱ्या गोळ्यांना बंद डबीतही थोडी ओल पुरते. त्या फुगतात आणि पाण्यात टाकल्यावर नीट फसफसत नाहीत.

गोळी घेण्यापूर्वी ती उजेडात धरून एकदा बघा. रंग बदललेला, ठिपके आलेले, गोळी फुगलेली किंवा बोटांत चुरा होणारी, वरचं आवरण तडकलेलं, कॅप्सूल चिकटलेल्या किंवा पिचकलेल्या, वास नेहमीपेक्षा वेगळा, यांपैकी काहीही दिसलं तर ती घेऊ नका. पट्टीवरचा फॉइल फाटला असेल किंवा कप्प्याच्या आत दमट वाटत असेल, तर तेवढी गोळी बाजूला ठेवा. पण सगळं ठीक दिसलं म्हणजे औषध ठीक आहे, असंही नाही. थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनसारखी औषधं ओलाव्यानं बाहेरून काही न दिसता कमजोर होऊ शकतात.

मुदतीची तारीख बघून निश्चिंत होऊ नका. ती तारीख मूळ बंद पॅकिंगसाठी आणि लेबलवर लिहिलेल्या साठवणीसाठी असते. लेबलवर ‘कोरड्या जागी ठेवा’ असं लिहिलेलं असताना गोळ्या दमट जागी राहिल्या, तर त्या तारखेचा भरवसा उरत नाही.

गोळ्या शक्यतो त्यांच्या पट्टीतच राहू द्या. आठवड्याच्या डब्या वापरत असाल, तर पावसाळ्यात दोन-चार दिवसांच्याच गोळ्या भरा आणि व्हॅल्प्रोएटसारखी गोळी त्यात मुळीच ठेवू नका. बाटलीत आलेली सिलिका जेलची पुडी फेकू नका. बाटलीत गोळ्यांवर कापूस असेल, तर तो मात्र पहिल्यांदा उघडतानाच काढून टाका, कारण तो ओलावा धरून ठेवतो. झाकण लगेच घट्ट लावा आणि ओल्या हातानं गोळी काढू नका. औषधांसाठी बेडरूममधलं बंद, उंच कपाट चांगलं. तिथे मुलांचा हात पोचत नाही. स्वयंपाकघरात शेगडीजवळची किंवा सिंकवरची जागा चालत नाही. फ्रिजही नको, जोपर्यंत लेबलवर किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही. थंड बाटली दमट हवेत उघडली की आत पाणी सुटतं.

संशय आला म्हणून रोजची गोळी परस्पर बंद करू नका. हृदय, फिट्स, रक्तदाब, थायरॉइड यांच्या औषधांत खंड पडणंही धोक्याचंच असतं. खराब वाटणारी पट्टी घेऊन त्याच दिवशी औषधाच्या दुकानात जा किंवा डॉक्टरांना फोन करा आणि ताजी पट्टी मिळवा. फेकायच्या गोळ्या सिंकमध्ये किंवा संडासात टाकू नका. पट्टीतून काढून मातीत कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि मगच कचऱ्यात टाका.