नवीन अपडेट: ‘आठवण’ आणि ‘ऑटोपे’ एकच नाही, नीट समजून घ्या

आपल्या बिल भरायच्या ॲपचं मोठं अपडेट आलंय. रंग बदलला, बटणं मोठी झाली, मराठी अक्षरं ठळक झाली, ते तुम्हाला उघडल्याबरोबर दिसेलच. मला सांगायचंय ते एकाच बदलाबद्दल, कारण अपडेट आल्यापासून सगळ्यात जास्त फोन त्याच्यावरच येऊन राहिले.

आधी प्रत्येक बिलाखाली एकच बटण होतं, ‘बिल लक्षात ठेवा’. ते दाबलं की काहींना फक्त मेसेज यायचा आणि काहींचे थेट पैसे कटायचे, कारण पुढच्या स्क्रीनवर कोणी काय निवडलं त्याच्यावर ते ठरायचं आणि ती स्क्रीन कोणी वाचायचंच नाही. आता त्या एका बटणाची दोन केली. घंटीचं चित्र आहे ते ‘आठवण’, आणि गोल फिरणारा बाण आहे ते ‘ऑटोपे’.

आठवण म्हणजे घरातल्या पोराने येऊन सांगावं की आई, लाइट बिल आलं, तारीख जवळ आली. बस, इतकंच. बिल किती, तारीख कोणती ते दिसतं, पण पैसे तुमच्या खात्यातून हलत नाहीत. तुम्ही स्वतः ‘भरा’ दाबणार, यूपीआय पिन टाकणार, तेव्हाच बिल भरलं जाणार. विसरलात तर ते राहिलंच.

ऑटोपे म्हणजे तुम्ही बँकेला आधीच परवानगी देऊन ठेवलीय की या बिलाचे पैसे दर महिन्याला कापून घ्या. या परवानगीला मँडेट म्हणतात, ती देताना एकदा पिन टाकावा लागतो, आणि त्यानंतर 15,000 रुपयांपर्यंतच्या बिलाला दरवेळी पिन लागत नाही. पैसे कटायच्या कमीत कमी 24 तास आधी सूचना आलीच पाहिजे हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणजे बिल चुकीचं वाटलं तर थांबवायला एक दिवस हातात असतो.

आता गोंधळ होतो तो इथेच. आठवणीचा मेसेज येतो आणि ऑटोपेची आधीची सूचनाही येते, दोन्हीत बिलाची रक्कम आणि तारीख असते, दिसायला जुळ्या बहिणीच. जुन्या ॲपमध्ये तर रंगसुद्धा एकच होता. ही आमची चूक होती आणि त्याचा त्रास लोकांना झाला.

नंदनवनमधल्या एका काकूंचं सांगतो. त्यांनी डिसेंबरमध्ये लाइट बिलाला ऑटोपे लावलं. हिवाळ्यात बिल येत होतं साधारण 1,150 रुपये, म्हणून जास्तीत जास्त किती कापायचे या रकान्यात त्यांनी 2,000 टाकले, त्यांच्या हिशोबाने भरपूर झाले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळं बरोबर कटलं. मग एप्रिलमध्ये हॉलचा आणि बेडरूमचा, दोन्ही कूलर दिवसरात्र सुरू, नागपूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं, आणि बिल आलं 2,640. आता परवानगी होती 2,000 चीच, त्याच्या वर बँक एक रुपयाही देत नाही, आणि 2,000 कापून 640 बाकी असं अर्धवटही होत नाही, पूर्ण बिलच राहून जातं. ॲपने मेसेज पाठवला होता, पण त्या मेसेजलाही तीच राखाडी घंटी. काकूंना वाटलं नेहमीचीच सूचना आहे, कटतील पैसे. तारीख निघून गेली. पुढच्या बिलात थकबाकी आणि त्याच्यावर विलंब आकार दिसला तेव्हा त्यांनी फोन केला, म्हणाल्या, “भाऊ, ऑटोपे सुरू असताना बिल राहिलंच कसं?”

त्यांचा प्रश्न एकदम बरोबर होता. म्हणून नव्या अपडेटमध्ये बिल मर्यादेच्या वर गेलं की केशरी पट्टी येते आणि तिच्यावर सरळ लिहिलेलं असतं, ‘हे बिल आपोआप भरलं जाणार नाही’. त्याच पट्टीवर दोन बटणं आहेत, एक हे बिल आता पिन टाकून भरायचं आणि दुसरं मर्यादा वाढवायचं. मर्यादा वाढवतानाही पिन लागतोच, कारण ती बँकेला दिलेली परवानगी बदलणं आहे. खात्यात पैसे कमी असले तर मात्र ही पट्टी आधी येऊ शकत नाही, ते कापायच्या वेळेसच कळतं, तेव्हा सूचना आली की शिल्लक बघून घ्या.

मर्यादा किती ठेवायची तर ती या महिन्याच्या बिलावरून ठरवू नका. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा युनिटचा वापर छापलेला असतो, त्यात एप्रिल, मे आणि जूनचे आकडे बघा. त्यातलं सगळ्यात मोठं बिल किती होतं ते काढा आणि त्याच्यावर थोडं ठेवा. काकूंचं मागच्या मेमधलं बिल 3,300 च्या आसपास होतं, त्यांनी आता 4,000 ठेवले. मर्यादा 4,000 ठेवली म्हणजे 4,000 कटतील असं नाही बरं का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. बिल 1,150 चं असलं तर 1,150 च कटतील.

अपडेटने आपल्या मनाने काही सुरू केलंय का, ही भीतीही पुष्कळांना आहे. नाही केलं. आधी फक्त मेसेज येत होता त्यांच्याकडे आता आठवणच आहे, कारण तुमच्या पिनशिवाय ऑटोपे सुरू होऊच शकत नाही. बिलाच्या नावापुढे घंटी दिसली तर बिल तुम्हाला भरायचंय, बाण दिसला तर आपोआप कटणार. दोन्ही दिसले तर ऑटोपे सुरू आहे आणि आठवणही येणार, अशा वेळी सूचना बघून घाईत हाताने भरू नका. तुम्ही भरलं आणि त्याची नोंद व्हायच्या आत ऑटोपेही कटलं तर एकाच बिलाचे दोनदा पैसे जातात. लाइट बिलाचे जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते होतात, बुडत नाहीत, पण महिनाअखेरीला तेवढे पैसे अडकले तर घरात अडचण होतेच ना.

आणखी एक, फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे ऑटोपे बंद होत नाही. परवानगी बँकेकडे नोंदलेली असते, ॲप नसलं तरी ती राहते. बंद करायचं असेल तर बिल उघडा, बाणावर दाबा, ‘ऑटोपे रद्द करा’ निवडा आणि रद्द झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा. खातं बदललं असेल तरी हेच करायचं, जुन्या खात्यावरचं आधी रद्द आणि मग नव्यावर सुरू. नाहीतर ॲप जुन्याच खात्यातून पैसे मागत राहील.

काकूंनी शेवटी लाइट बिलाला ऑटोपे ठेवलं, आणि पाण्याच्या बिलाला आणि मालमत्ता कराला नुसती आठवण. पाण्याचं बिल त्या मीटरच्या रीडिंगशी ताडून बघतात आणि मगच भरतात, तर तिथे घंटीच बरी.