भाडे कोणाच्या माथी? वस्तूच्या खऱ्या योगदानाचा हिशेब कसा घडत गेला

1772 साली इंग्लंडमध्ये पतपुरवठा आटला, मालाचा उठाव मंदावला आणि जोसाया वेजवुड या कुंभकाम कारखानदाराने आपल्या फुलदाण्यांचा खर्च बारकाईने मांडायला घेतला. त्यातून निघालेली गोष्ट त्याने आपला भागीदार बेंटली याला ऑगस्टमधल्या पत्रात कळवली: भाडे, कारकून, वखारीवरची माणसे यांचा खर्च घड्याळासारखा चालूच राहतो. आठवड्याला दहा डझन फुलदाण्या करा की वीस डझन, त्याच्यात फारसा फरक पडत नाही.

निरीक्षण साधे आहे, पण यातूनच पुढचा पेच उभा राहतो. जो खर्च वस्तूगणिक होतच नाही, तो प्रत्येक वस्तूवर किती टाकायचा?

एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांनी यावर सोपी वाट काढली. एकूण वरखर्च घ्यायचा, मजुरीशी त्याची टक्केवारी काढायची आणि प्रत्येक वस्तूच्या मजुरीवर तेवढा भार चढवायचा. 1901 साली अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या अभियंत्याने एका लेखमालेत या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. मोठ्या महागड्या यंत्रावर काम करणारा आणि साध्या टेबलावर हाताने काम करणारा, दोघांची मजुरी सारखी असेल तर दोघांच्या वस्तूंवर सारखाच भार पडतो. एकाने जागा अडवली, शक्ती खाल्ली. दुसऱ्याने जवळजवळ काहीच नाही. चर्चचा उपाय असा होता की प्रत्येक यंत्र म्हणजे एक छोटे स्वतंत्र दुकान समजा. त्या दुकानाचे भाडे, शक्ती, झीज वेगळी काढा आणि ते यंत्र वस्तूसाठी जितके तास चालले, त्या तासांवर लावा.

विजेच्या बाबतीत हे जमू लागले त्याला कारखान्यातला एक बदलही कारण होता. एकच वाफेचे इंजिन छताखालच्या लांब दांड्यामार्फत सगळी यंत्रे फिरवत असे, तेव्हा कोणत्या यंत्राने किती शक्ती घेतली हे सांगणे कठीण होते. प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर आली आणि मापन आवाक्यात आले.

पण वीज हा एकजिनसी खर्च नाही, हे त्याआधीच, 1892 साली, जॉन हॉपकिन्सन याने वीज कंपन्यांच्या बाजूने दाखवून दिले होते. ग्राहकाने दिवा लावो वा न लावो, त्याच्यासाठी यंत्रसामग्री सज्ज ठेवावीच लागते. तो खर्च एक, आणि प्रत्यक्ष जाळलेल्या युनिटचा खर्च दुसरा. व्यावसायिक वीजबिलात आजही डिमांड चार्ज आणि युनिटचा आकार असे दोन भाग दिसतात, त्याचे मूळ या विचारात आहे. वस्तूचे योगदान म्हणजे तिच्या किमतीतून तिच्यासाठी होणारा बदलता खर्च वजा करून उरते ते. ते काढताना माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. अख्खे बिल स्थिर धरले जाते, नाही तर अख्खे बदलते.

आकड्यांनीच पाहू. एका कार्यशाळेत कप आणि फुलदाण्या होतात आणि दोन्ही एकाच विजेच्या भट्टीत भाजतात. महिन्याचे भाडे 6000. वीजबिल 5000, त्यातले 1400 डिमांड चार्ज आणि दिवाबत्तीचे, उरलेले 3600 भट्टीचे. महिन्यात 30 खेपा निघतात, म्हणजे एका खेपेला 120. एका खेपेत 200 कप मावतात, फुलदाण्या मात्र 20 च. या महिन्यात कपांच्या 12 खेपा झाल्या आणि फुलदाण्यांच्या 18, म्हणजे 2400 कप आणि 360 फुलदाण्या. कप 5 ला विकला जातो आणि त्याला माती, झिलई, नगावरची मजुरी धरून 3 लागतात. फुलदाणी 50 ला जाते, तिला 34 लागतात.

प्रचलित रीतीने भाडे आणि वीज मिळून 11000 विक्रीच्या प्रमाणात वाटले, तर 12000 च्या विक्रीमुळे कपांवर 4400 येतात आणि 18000 च्या विक्रीमुळे फुलदाण्यांवर 6600. कपांत 400 नफा दिसतो, फुलदाण्यांत 840 तोटा. एकूण तोटा 440. हा तक्ता समोर ठेवून कोणीही म्हणेल, फुलदाण्या बंद करा.

आता फक्त भट्टीची वीज खेपेप्रमाणे लावू, बाकी काही वाटायचे नाही. कपाला 0.6 ची वीज लागते, फुलदाणीला 6 ची. इथे किमतींतही दहापटच फरक आहे, म्हणून विक्रीच्या प्रमाणानेही विजेचा हाच आकडा आला असता, पण तो निव्वळ योगायोग. कपाचे योगदान 1.4 राहते, फुलदाणीचे 10. महिन्याचे पाहिले तर कप 3360 देतात आणि फुलदाण्या 3600. मिळून 6960. त्यातून भाडे आणि स्थिर वीज मिळून 7400 वजा केले की तोच 440 तोटा येतो. पण फुलदाण्या बंद केल्या आणि त्या 18 खेपा रिकाम्या राहिल्या, तर 3600 जातील, 7400 तसेच राहतील आणि तोटा 4040 वर पोहोचेल. पुढच्या महिन्यात सगळे भाडे एकट्या कपांवर पडून तेही तोट्यात दिसतील. एक वस्तू बंद केली की तिचा भार दुसरीवर, मग दुसरीही बंद, असे धंदे खचत जातात ते याच वाटेने.

स्थिर खर्च वस्तूत न मिसळण्याची ही मांडणी अमेरिकेत 1936 साली जोनाथन हॅरिस यांच्या लेखाने चर्चेत आणली. त्यांनी दाखवलेला प्रसंग असा: विक्री वाढली, तरी महिन्याचा नफा घटला. कारण त्या महिन्यात उत्पादन कमी ठेवले होते. जुन्या पद्धतीत उत्पादन जास्त असले की स्थिर खर्चाचा काही भाग न विकलेल्या साठ्यात जाऊन बसतो आणि नफा फुगतो. उत्पादन घटले की उलटे होते. म्हणून हॅरिस यांनी विक्रीतून आधी बदलता खर्च वजा केला आणि स्थिर खर्च त्या महिन्याचा म्हणून खाली एकगठ्ठा ठेवला.

मग चर्चचे यंत्र-तास वाया गेले का? मला तसे वाटत नाही. त्यांचा उपयोग फक्त बदलला. भट्टी महिनाभर पूर्ण भरलेली असेल आणि जास्तीचे कप विकले जाणार असतील, तर प्रश्न नगाचा उरत नाही, खेपेचा होतो. कपाची एक खेप 280 देते, फुलदाण्यांची 200. नगाला 10 देणारी फुलदाणी इथे 1.4 देणाऱ्या कपाच्या मागे पडते. सहा खेपा कपांकडे वळवल्या तर 480 वाढतात आणि 440 चा तोटा 40 च्या नफ्यात येतो. भाड्याचा एक पैसाही न वाटता निर्णय झाला. भट्टी अर्धी रिकामी असेल, तर मात्र खेपेची तुलना निरर्थक आहे. तेव्हा धन योगदान देणारी प्रत्येक खेप घ्यावी.

भाडे वस्तूच्या नावावर टाकणे एकाच परिस्थितीत रास्त ठरते: ती वस्तू बंद केल्यावर तेवढी जागा खरोखर सोडता येत असेल तेव्हा. फुलदाण्या वाळवायला वेगळी खोली घेतली असेल आणि तिचा करार महिनाभरात मोडता येत असेल, तर ते भाडे 3600 च्या समोर ठेवायलाच हवे. जागा एकच असेल, तर चौरस फुटांनी केलेली वाटणी कितीही काटेकोर असली तरी तिने रोकड बदलत नाही. विजेची कसोटी याहून सोपी आहे. भट्टीला वेगळा सबमीटर लावावा आणि तीन-चार महिन्यांच्या खेपा आणि युनिट शेजारी मांडावेत. खेपा घटूनही भट्टीचे युनिट तेवढेच राहत असतील, तर भट्टी रिकामी तापत राहते आहे, आणि खेपेला 120 हा आकडा तिथे चालणार नाही.