पासबुकच्या फोटोतून उतरलेला खाते क्रमांक: चुकारा करण्यापूर्वी पडताळणी कशी करावी

सहकाऱ्यांनो, हमीभाव खरेदी केंद्रावर सोयाबीनची नोंदणी करताना शेतकऱ्याचा सातबारा, आधार कार्ड आणि पासबुकचे पहिले पान यांचे फोटो घेऊन त्यातील माहिती आता ओसीआरने उतरवली जाते. हाताने टंकण्याचे काम त्यामुळे वाचते. परंतु उतरलेली नोंद चुकाऱ्यास पात्र ठरते ती मूळ कागदाशी ताडून पाहिल्यानंतरच, आणि त्यातही सर्वाधिक लक्ष खाते क्रमांकावर द्यावे लागते.

आधार क्रमांक १२ अंकी असतो व त्यातील शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने ठरलेला असतो. त्यामुळे एखादा अंक चुकीचा वाचला गेला, तर ही तपासणी बसवलेली संगणक प्रणाली तो क्रमांक तेथेच नाकारते. आयएफएससी संकेतांक ११ अक्षरांचा असतो आणि त्यातील पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते, म्हणून तेथे इंग्रजी ओ आला तर लगेच समजते. खाते क्रमांकाला मात्र सर्व बँकांसाठी समान असा नियमच नाही. कोणत्या बँकेचा क्रमांक किती अंकी, हेही वेगवेगळे असते. एक अंक चुकला तरी तो क्रमांक दिसायला बरोबरच दिसतो, म्हणून तो माणसाच्या डोळ्यांनीच तपासला पाहिजे.

समजा, एका शेतकऱ्याने २० क्विंटल सोयाबीन दिले. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये या हमीभावाने त्याचे १,०६,५६० रुपये होतात. त्याच्या पासबुकवर खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक ७५१९ आहेत. पासबुक प्लॅस्टिकच्या वेष्टनात असल्याने फ्लॅशचा पांढरा डाग १ वर पडला, छपाईही फिकी होती, आणि यादीत ७५७९ उतरले. असा क्रमांक अस्तित्वातच नसेल, तर रक्कम परत येते व केवळ उशीर होतो. परंतु त्याच शाखेत तो दुसऱ्या कोणाचा असेल, तर रक्कम त्याच्या खात्यात जमा होते, कारण एनईएफटीमध्ये बँक खाते क्रमांक पाहून रक्कम जमा करते, नाव पाहून नव्हे. आपल्या यादीत त्या ओळीसमोर ‘यशस्वी’ असे दिसते, आणि शेतकरी मात्र केंद्रावर हेलपाटे मारत राहतो. म्हणून बँकेकडून परत आलेल्या रकमांची यादी लहान आहे, एवढ्यावरून बाकीची यादी बरोबर आहे असे समजू नये.

दुसरी अडचण स्टेट बँकेच्या पासबुकांत हमखास येते. तेथे ग्राहक क्रमांक, म्हणजे सीआयएफ, आणि खाते क्रमांक हे दोन्ही ११ अंकी असतात व एकाच पानावर छापलेले असतात. यंत्र अनेकदा पहिला ११ अंकी क्रमांक उचलते. क्रमांकाशेजारी काय छापले आहे, ते प्रत्येक वेळी वाचावे.

पडताळणी दोघांनी करावी. एकाने मूळ पासबुक किंवा पूर्ण आकारात उघडलेला फोटो पाहून अंक एकेक करून मोठ्याने म्हणावेत आणि दुसऱ्याने यादीतील अंकांवर बोट ठेवून ताळा करावा. यंत्राने उतरवलेला क्रमांक आधी वाचून मग फोटोकडे पाहू नये, कारण मग डोळ्यांना तोच क्रमांक फोटोतही दिसू लागतो. ३ व ८, १ व ७, ६ व ० येथे विशेष थांबावे. खातेदाराचे नावही सातबाऱ्यावरील नावाशी जुळवावे. यादी एक्सेलमध्ये असेल, तर खाते क्रमांकाचा रकाना आधीच टेक्स्ट स्वरूपात ठेवावा. तसे न केल्यास सुरुवातीची शून्ये गळतात आणि १५ अंकांपुढील प्रत्येक अंक शून्य होतो.

फोटो अस्पष्ट असेल, तर अंदाजाने अंक भरू नये. अशा वेळी शेतकऱ्याकडे रद्द केलेला धनादेश मागण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि ती खरोखर थांबली पाहिजे. जनधन किंवा साध्या बचत खात्यावर बहुतेकांनी चेकबुक कधी घेतलेलेच नसते, आणि त्या एका कागदासाठी म्हाताऱ्या माणसाची ऐन हंगामात तालुक्याला फेरी होते. नवा, उजेडात व वेष्टनाबाहेर काढलेला फोटो पुरेसा आहे. पासबुकवरील छपाईच पुसली असेल, तर शाखेचा शिक्का असलेला खाते उतारा घ्यावा. पासबुक देना बँक किंवा अलाहाबाद बँकेच्या काळातले असेल, तर त्या बँका अनुक्रमे २०१९ व २०२० मध्ये विलीन झाल्या आहेत, हे लक्षात घेऊन सध्याचा आयएफएससी शाखेकडून घ्यावा.

शंका असलेली ओळ तेवढी बाजूला काढावी आणि बाकीच्यांचा चुकारा त्यासाठी अडवू नये. बाजूला काढलेल्या शेतकऱ्याला त्याच दिवशी फोन करून नेमके काय हवे आहे ते सांगावे. रक्कम चुकीच्या खात्यात गेल्याचे लक्षात आले, तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक देऊन आपल्या बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावे. त्या खातेदाराने पैसे काढून घेतल्यावर ते परत मिळवणे फार अवघड होते.