मजकूर टंकनाला देण्याआधी मोठ्याने वाचा : लांबलचक वाक्ये तोडण्याविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे अर्ज, ठराव, अहवाल, प्रबंध, निमंत्रणपत्रिका असे सगळ्या प्रकारचे मजकूर टंकनाला येतात. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठलेही ग्राहक असोत, एक वाक्य हमखास ऐकू येते : “वाक्य जरा मोठं झालंय, तेवढं दोन-चार ठिकाणी तोडून द्या.” काही जण घरूनच पेन्सिलीने पूर्णविराम टाकून आणतात. या दुसऱ्या प्रकारच्या कागदावर आमचा सर्वांत जास्त वेळ जातो. म्हणून हे पत्रक.

अडचण पूर्णविरामाच्या जागेची असते. दम संपला तिथे पूर्णविराम टाकला जातो आणि त्याच्या आधीचे क्रियापद अर्धेच राहते. “पेरणी केलेली असून.” हे वाक्य नाही. “तीन दिवस साचून राहिल्याने.” हेही नाही. असून, करून, असता, असल्याने, न आल्यामुळे ही सगळी अर्धी क्रियापदे आहेत आणि ती पुढच्या क्रियापदाची वाट पाहत असतात. त्यांच्यापुढे टिंब दिले तरी वाचणारा थांबत नाही, तो अडखळतो. अशा ठिकाणी क्रियापद बदलावे लागते, आणि ते कसे बदलायचे हे तुमच्या मनातल्या अर्थावर ठरते. आम्ही अंदाजाने बदलले आणि अर्थ फिरला, तर अर्ज तुमचा अडकतो. म्हणून आम्ही फोन करून विचारतो. ग्राहकांना हा उशीर वाटतो. पण विचारल्याशिवाय असा बदल करायचा नाही, ही आमची पद्धत आहे आणि आम्ही ती सोडणार नाही.

मोठ्याने वाचताना काय ऐकायचे?

मजकूर मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडून घ्या. शक्यतो दुसऱ्याला वाचायला सांगा आणि तुम्ही पेन्सिल घेऊन ऐका. ज्याने लिहिले त्याचे डोळे कागदावर नसलेले शब्दही भरून काढतात. त्यामुळे स्वतः वाचताना वाक्य सुरळीत वाटते आणि परक्याच्या तोंडी तेच वाक्य आपटते. वाचायला कोणीच नसेल तर आपला आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि तासाभराने ऐका. पुटपुटत वाचू नका, कारण पुटपुटण्यात दम लागत नाही आणि चूक लपून राहते.

तीन गोष्टींवर खूण करा. वाचणाऱ्याने श्वास घेतला तिथे तिरकी रेघ. तो मागे जाऊन पुन्हा वाचू लागला तिथे गोल. आणि आवाज खाली उतरला, पण वाक्य मात्र “व”, “तसेच”, “तरी” म्हणत पुढे पळाले, तिथे फुली. ही फुली सर्वांत कामाची. मराठीत पूर्ण क्रियापद आले की आवाज आपोआप उतरतो, म्हणजे वाक्य तिथे संपलेच होते आणि लिहिणाऱ्याने ते ओढून पुढे नेले. फुलीच्या जागी नुसता पूर्णविराम चालतो. तिरकी रेघ आणि गोल असेल तिथे मात्र दुरुस्ती लागते.

एक अर्ज घेऊन पाहू

अतिवृष्टीनंतर तहसीलदारांना द्यायच्या अर्जात असे वाक्य नेहमी येते :

“मी माझ्या गट क्रमांक ११४ मधील २ हेक्टर क्षेत्रावर जून महिन्यात सोयाबीनची पेरणी केलेली असून सप्टेंबर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झालेल्या अतिवृष्टीमुळे नाल्याचे पाणी शेतात शिरून तीन दिवस साचून राहिल्याने उभे पीक सडले व त्याबाबत मी तलाठी कार्यालयात तोंडी कळवले असता त्यांनी पंचनाम्यासाठी येतो असे सांगूनही अद्याप न आल्यामुळे ज्या शेतकऱ्यांचे पंचनामे झाले त्यांच्या यादीत माझे नाव नसल्याचे दिसून आले असल्याने तरी माझ्या शेताचा पंचनामा करून मला मदत मिळावी ही विनंती.”

हे ७० शब्दांचे एकच वाक्य आहे. मोठ्याने वाचायला सुमारे अर्धा मिनिट लागतो. वाचून पाहा : आवाज स्वच्छपणे एकदाच उतरतो, “उभे पीक सडले” या जागी. तिथे फुली. पुढचा “व” काढा आणि पूर्णविराम द्या, काम झाले. बाकी कुठेही नुसते टिंब चालणार नाही. “पंचनामे झाले” इथे क्रियापद पूर्ण दिसते खरे, पण आधी “ज्या” आलेला असल्यामुळे कान “त्यांच्या”ची वाट पाहतो. तिथे तोडले तर वाक्य लंगडे होते.

आता अर्धी क्रियापदे. “केलेली असून” याचे “केली होती” करा आणि थांबा. “शिरून तीन दिवस साचून राहिल्याने” याचे “शिरले आणि तीन दिवस साचून राहिले” होते. पण इथे सांभाळा. “राहिल्याने” या शब्दात कारण होते आणि ते शब्दाबरोबर गेले. ते परत आणण्यासाठी पुढचे वाक्य “त्यामुळे” ने सुरू करावे लागते. हा “त्यामुळे” विसरला की पाणी साचले ही एक घटना आणि पीक सडले ही दुसरी, असे दोन सुटे तुकडे उरतात. पंचनाम्याच्या अर्जात तर नुकसान कशामुळे झाले हाच मुद्दा असतो. त्याचप्रमाणे “सांगूनही” यातला विरोध “पण” ने परत आणायचा.

“त्यांनी” या शब्दापाशी वाचणारा बहुतेक मागे जातो. मागे कोण आहे? “तलाठी कार्यालय”. कार्यालय येतो म्हणत नाही, माणूस म्हणतो. म्हणून तिथे “तलाठ्यांनी” लिहा. वाक्य तोडले की तो, त्यांनी, सदर, उपरोक्त हे शब्द मागच्या वाक्यातल्या नेमक्या कोणाकडे बोट दाखवतात हे तपासावेच लागते. शंका आली तर सरळ नाव लिहा.

सर्वांत मोठा गोल “अद्याप न आल्यामुळे” इथे पडतो. हे “आल्यामुळे” कशाला जोडायचे? वाक्याच्या बांधणीप्रमाणे ते “दिसून आले” याला जोडले जाते. म्हणजे तलाठी आले नाहीत म्हणून यादीत नाव नसल्याचे दिसले, असा अर्थ होतो. तो अर्थातच लिहिणाऱ्याच्या मनात नाही. वाक्य लांब असेपर्यंत ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही, कारण वाचणारा तिथे पोहोचेपर्यंत दमलेला असतो. “असल्याने तरी” हे दोन शब्द एकमेकांवर आदळतात, तेही असेच.

दुरुस्त मजकूर असा होतो :

“मी गट क्रमांक ११४ मधील २ हेक्टर क्षेत्रावर जूनमध्ये सोयाबीनची पेरणी केली होती. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अतिवृष्टी झाली. नाल्याचे पाणी शेतात शिरले आणि तीन दिवस साचून राहिले. त्यामुळे उभे पीक सडले. ही बाब मी तलाठी कार्यालयात तोंडी कळवली. पंचनाम्यासाठी येतो, असे तलाठ्यांनी सांगितले. पण ते अद्याप आलेले नाहीत. पंचनामे झालेल्या शेतकऱ्यांच्या यादीत माझे नाव नाही. तरी माझ्या शेताचा पंचनामा करून मला मदत मिळावी, ही विनंती.”

नऊ वाक्ये, ६५ शब्द. वाक्ये तोडली की मजकूर वाढतो आणि पानांचा खर्च वाढतो, ही भीती अनेकांना असते. इथे उलट पाच शब्द कमी झाले. आता हा मजकूर पुन्हा एकदा मोठ्याने वाचा. “तोंडी कळवली” इथे आवाज थांबतो आणि ऐकणारा विचारतो, कधी? मूळ वाक्यात “असता” ने ही जागा झाकून टाकली होती. तारीख घाला. अशी राहून गेलेली माहिती दुसऱ्या वाचनात सापडते, म्हणून दुसरे वाचन टाळू नका.

किती तोडायचे?

पंधरा ते वीस शब्दांच्या आत वाक्य राहिले तर बहुतेकांना ते एका दमात वाचता येते, पण शब्द मोजत बसू नका. वरच्या अर्जात “शिरले आणि साचून राहिले” हे आम्ही मुद्दाम एकत्र ठेवले, कारण पाणी एकच आहे. “पंचनामा करून” यातला “करून” सुद्धा तसाच ठेवला. प्रत्येक अर्धे क्रियापद वाईट नसते. एका वाक्यात एक-दोन असली की चालतात, एकामागून एक पाच आली की वाक्य फाटते. “जर-तर” असलेली अट कधीही दोन वाक्यांत तोडू नका. शपथपत्राचा ठरलेला नमुना, मंजूर झालेला ठराव किंवा शासन निर्णयातून जसेच्या तसे घेतलेले शब्द यांनाही हात लावायचा नाही. तिथे लांब वाक्य तसेच राहील आणि आम्हीही ते तसेच टंकू.

अशी वाक्ये लिहिणारा कमी शिकलेला असतो असे अजिबात नाही. जुनी मोडी कागदपत्रे सलग लिहिली जात. आजची विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात रुजली, त्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. कचेरीतल्या अर्जाची “असून, असता, सबब, तरी” ही साखळी आपण एकमेकांचे अर्ज पाहून उचलली आहे. तोच शेतकरी काउंटरवर बोलताना म्हणतो, “सोयाबीन पेरलं. नाल्याचं पाणी वावरात घुसलं. तीन दिवस हललं नाही. सगळं सडलं.” वाक्ये बरोबर जागी तुटलेलीच असतात. लिहिताना अडलात तर आधी कोणाला तरी तोंडी सांगा आणि जसे सांगितले त्या क्रमाने लिहा. फोनवर बोलून टंकलेला मजकूर मात्र वाचल्याशिवाय पाठवू नका. त्यात विरामचिन्हे बहुधा नसतात आणि आम्हाला तो एका वाक्याचा पूर्ण पान मजकूर म्हणून मिळतो.

आमच्याकडे काम देताना

टंकनाच्या दरात शुद्धलेखनाची दुरुस्ती धरलेली आहे. वाक्ये तोडणे त्यात धरलेले नाही, कारण त्याला दोन माणसे आणि तुमची हजेरी लागते. खुणा करून आणलेला कागद असेल, तर अर्धी क्रियापदे आम्ही तुमच्यासमोर बसून बदलून देतो आणि एक-दोन पानांच्या अर्जाला त्याचे वेगळे पैसे घेत नाही. प्रबंध आणि अहवालासाठी वाचनाची सोय वेगळी आहे : आमचा माणूस मोठ्याने वाचतो, तुम्ही ऐकता. पहिले प्रकरण असे ऐकले की बाकीची प्रकरणे बहुतेक विद्यार्थी स्वतःच दुरुस्त करून आणतात.

हे सगळे पहिल्या प्रूफाच्या आधी करा. पानांची मांडणी झाल्यावर वाक्ये तोडली की ओळी सरकतात, तक्ते पुढच्या पानावर जातात आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक चुकतात. मग ते सगळे पुन्हा लावावे लागते आणि त्या कामाचे पैसे आम्ही घेतो. वाचनासाठी दुपारी या. सकाळी तहसीलच्या कामाची गर्दी असते, आणि गर्दीत मोठ्याने वाचलेले कोणालाच नीट ऐकू येत नाही.