चौरस आव्यूहाचे जागच्या जागी परिभ्रमण

n × n आव्यूह (मॅट्रिक्स) दुसरा आव्यूह न घेता ९० अंशांनी फिरवण्याची रीत. आधी आव्यूहाचा परिवर्त घेतात, म्हणजे ओळींचे स्तंभ करतात. मग प्रत्येक ओळ उलटी लिहितात. अदलाबदलीपुरती एका घटकाची जादा जागा लागते.

परिवर्ताची संकल्पना गणितज्ञ आर्थर केली यांच्या १८५८ च्या आव्यूहविषयक निबंधात आढळते. या जोडकृतीचे श्रेय मात्र एखाद्या संगणकतज्ज्ञाला देण्यापेक्षा भूमितीला देणे अधिक सयुक्तिक वाटते. एकमेकांना छेदणाऱ्या दोन आरशांतली लागोपाठची परावर्तने मिळून त्यांमधील कोनाच्या दुप्पट परिभ्रमण होते. परिवर्त हा मुख्य कर्णावरचा आरसा, ओळ उलटणे हा मधल्या उभ्या रेषेवरचा. दोहोंत ४५ अंश, म्हणून ९०. आरशांचा क्रम बदलला की फिरण्याची दिशाही उलटते.

पहिल्या ओळीत १ २ ३, दुसरीत ४ ५ ६ आणि तिसरीत ७ ८ ९ घेऊ. परिवर्तानंतर १ ४ ७, २ ५ ८, ३ ६ ९ असे होते. ओळी उलटल्यावर ७ ४ १, ८ ५ २, ९ ६ ३. मूळ आव्यूहाचा डावा स्तंभ खालून वर वाचावा, तीच नवी पहिली ओळ. आव्यूह घड्याळाच्या दिशेने फिरला.

```python
n = len(A)
for i in range(n):
    for j in range(i + 1, n):
        A[i][j], A[j][i] = A[j][i], A[i][j]
for r in A:
    r.reverse()
```

नेहमीची चूक आतल्या चक्रात होते. j ची सुरुवात `i + 1` ऐवजी 0 पासून केली, तर प्रत्येक जोडीची अदलाबदल दोनदा होऊन आव्यूह मूळ रूपात परततो आणि शेवटी ३ २ १, ६ ५ ४, ९ ८ ७ अशी नुसती आरशातली प्रतिमा हाती येते. एकक आव्यूहावर चाचणी घेतल्यास ही चूक दिसतच नाही. तो कर्णाभोवती सममित असल्याने परिवर्त झाला काय, न झाला काय, उत्तर तेच. म्हणून चाचणीला सगळे घटक वेगळे असलेला आव्यूह घ्यावा.

‘ओळी उलटणे’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. परिवर्तानंतर ओळींतले घटक न उलटता ओळींचाच वर-खाली क्रम उलटला, तर ३ ६ ९, २ ५ ८, १ ४ ७ मिळते. हे घड्याळाच्या विरुद्ध दिशेचे परिभ्रमण होय. क्रम आधी उलटून मग परिवर्त घेतला, तर दिशा पुन्हा घड्याळाचीच.

परिवर्ताला n(n−1)/2 अदलाबदली लागतात, उलटण्याला n गुणिले n/2 चा पूर्णांक भाग. 4 × 4 साठी 6 आणि 8, एकूण 14. चार-चार घटक एका फेऱ्यात सरकवण्याच्या पर्यायी रीतीत प्रत्येक घटक एकदाच हलतो, पण निर्देशांकांचा हिशेब चुकण्याची शक्यता अधिक. आयताकृती आव्यूहाला वरील रीत लागू पडत नाही, कारण परिवर्ताने त्याचा आकारच बदलतो.