महिनाअखेरीला मशीनवर अडकलेला जॉब: हिशेबात किती धरायचा?
(छपाई व्यावसायिकांसाठी, आमच्या हिशेब कार्यालयाकडून)

महिना संपला की बहुतेक प्रेसवाले आम्हाला फोनवर सांगतात, "पुस्तकाचं पाऊण काम झालंय, पाऊण बिल धरा." तसं धरता येत नाही. अपूर्ण काम धरायचं ते तोवर झालेल्या खर्चाने. नफा बिल झाल्यावर.

एक जॉब घेऊ. 64 पानी एकरंगी पुस्तिका, 5,000 प्रती, ठरलेली रक्कम 1,00,000. सोळा पानी चार फर्मे. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी तीन फर्मे छापून थप्पी लागली आहे. चौथा फर्मा, कव्हर आणि बाइंडिंग बाकी.

आता जॉब कार्ड काढा. एका फर्म्याला वेस्टेजसह 5,150 ताव, म्हणजे तिघांना 15,450. तावाला 2 प्रमाणे 30,900. चौथ्या फर्म्याचा कागद याच जॉबच्या नावावर गोदामातून निघालाय, पण न कापता तसाच पडून आहे. तो परत कागदाच्या साठ्यात दाखवा. प्लेटा मात्र आठही झाल्यात, 400 प्रमाणे 3,200, त्या पूर्ण धरा. मशीन सहा बाजूंना दोन-दोन तास चाललं (एक तास लावण्यात, एक छापण्यात), म्हणजे 12 तास. तासाला 900 दराने 10,800. या दरात कारागीर, वीज, घसारा, जागाभाडं आलं, ते पुन्हा वेगळं जोडू नका. एकूण 44,900. पाऊण बिल धरलं असतं तर 75,000 दिसले असते आणि न कमावलेला 30,100 नफा या महिन्यात शिरला असता.

पान उलटं लागून एखादा गठ्ठा रद्दीत गेला असेल तर तो खर्च जॉबवर चढवू नका, त्याच महिन्याच्या नुकसानीत टाका. नेहमीचं वेस्टेज वरच्या तावांत आहेच. ग्राहकाचा ॲडव्हान्सही या आकड्यातून वजा करायचा नाही. माल जाईपर्यंत ते त्याचं आपल्याकडे असलेलं देणं.

एक तपासणी बहुतेकांकडून राहते. उरलेल्या कामाचा अंदाज मांडा: चौथा फर्मा 13,900, कव्हर 9,000, बाइंडिंग 12,000, मिळून 34,900. इथे पूर्ण खर्च 79,800 होतो, म्हणजे चिंता नाही. पण हाच जॉब घासाघीस होऊन 76,000 ला घेतला असता, तर 76,000 उणे 34,900 म्हणजे 41,100 एवढंच अपूर्ण काम धरता आलं असतं आणि 3,800 तोटा याच महिन्यात लिहावा लागला असता, पुढच्या नाही.

पुढच्या महिन्यात नवं कार्ड उघडू नका. त्याच कार्डावर 44,900 आरंभीची शिल्लक म्हणून ओढा. आम्हाला पाठवताना कार्डासोबत त्या संध्याकाळी मोजलेल्या छापील तावांचा आकडा लिहा. कार्डावरचे ताव आणि थप्पीतले ताव जुळले नाहीत तर आधी कार्डावरच्या मशीनच्या तासांवर शंका घ्या.